आजारी आईची गोष्ट

2024 च्या ऑगस्टमध्ये मला लेप्टो झाला. सिंधुदुर्गात पावसाळ्यात हे काही नवीन नाही, लावणीच्या दिवसात आरोग्य केंद्रातून गोळ्या वाटतात, आठवड्याला एक अशा, मी दोन आठवडे घेतल्या आणि मग कामाच्या गडबडीत राहून गेलं. आधी ताप, मग पोटऱ्या इतक्या दुखायला लागल्या की उभं राहता येईना, डोळे लाल, तेव्हा यांनी उचलून थेट हॉस्पिटलात नेलं आणि पाच दिवस मी तिथेच होते. मुलीला भेटायला आणू दिलं नाही कारण वॉर्डात तापाचे पेशंट भरलेले.

सहाव्या दिवशी घरी आले तर बायचं दप्तर ओटीवर भिंतीला टेकून ठेवलेलं. (घरात तिला बाय म्हणतो, इथेही तेच लिहिते.) उचलायला गेले तर जड. उघडलं तर आत पुस्तकं नव्हती. दोन फ्रॉक, चड्ड्या, टॉवेल, टूथब्रश, आणि आमच्या तिघांचा कुणकेश्वरच्या जत्रेतला फोटो. सासूबाई म्हणाल्या दोन दिवस नीट जेवली नाही, कुणाशी बोलली नाही, आम्हाला वाटलं तुझ्या काळजीनं.

मी तिला जवळ घेऊन विचारलं, कुठे जायचं होतं गो?

ती म्हणाली, "संस्थेत. तू आजारी आहेस ना."

तेव्हा तिला आठवं संपत आलेलं. आणि हे तिच्या डोक्यात घातलं होतं ते मीच, स्वतःच्या तोंडाने, रोज रात्री, साडेचार वर्षं.

दत्तक मुलाला सांगावं की नाही यावर लोक बोलतात, ते आमच्यात कधीच झालं होतं आणि आम्ही सांगितलंही होतं. आमची चूक त्याच्या पुढची आहे आणि ती बरेच जण करतात असं मला आता कळलंय, म्हणून हे लिहितेय. लिहायच्या आधी बायला विचारलं. ती म्हणाली लिही, पण गावाचं नाव लिहू नको आणि कागदातली ती ओळ लिहू नको. दोन्ही लिहिणार नाही.

बाय आमच्याकडे आली 2017 च्या जूनमध्ये, नऊ महिन्यांची. आधी दोन वर्षं वेटिंग, ऑनलाईन नोंदणी, मग समाजसेविका घरी येऊन गृहभेटीचा रिपोर्ट करून गेल्या. त्यांनी तेव्हाच विचारलं होतं, मुलाला सांगणार का? आम्ही दोघं एकदम हो म्हणालो. खरं तर दुसरा पर्यायही नव्हता. पन्नास घरांची वाडी, मला दिवस गेले नव्हते हे सगळ्यांनी बघितलेलं, आणि गणपतीत मुंबईचे चाकरमानी आले की कुणाच्या घरात काय झालं याचा वर्षाचा हिशोब पडवीत बसून होतो. आम्ही नाही सांगितलं तर ते कुणीतरी सांगणारच.

सासूबाईंना ते पटत नव्हतं. त्यांचं एकच, "तां चेडू आपलाच असा, कित्याक तेच्या डोक्यात घालतंस?" त्यात माया होती, आणि कागदही त्यांच्याच बाजूने होते. आमच्या वेळी कोर्टाचा आदेश झाला आणि जन्मदाखल्यावर आईवडील म्हणून आमचीच नावं लागली. शाळेत, आधारला, रेशनला, कुठेही काही दिसत नाही. म्हणजे वाडीने तोंड बंद ठेवलं असतं तर एखादं आयुष्य न सांगताही निघालं असतं असं वाटू शकतं.

पोर्टलवर मूल दाखवतात तेव्हा फोटोबरोबर दोन रिपोर्ट असतात, एक तब्येतीचा आणि एक मुलाच्या पार्श्वभूमीचा. 48 तासांत हो म्हणायचं असतं. मी फोटो बघूनच हो म्हणून टाकलं होतं, पार्श्वभूमीचा रिपोर्ट नीट वाचला तो नंतर, संस्थेत सही करताना. दीड पान. कायद्यात या मुलांचे तीन प्रकार आहेत, अनाथ, परित्यक्त, आणि आईवडिलांनी स्वतः समितीपुढे येऊन सोपवलेलं. सोपवलेलं असेल तर कागदात काहीतरी असतं, आईचं वय, कारण, कधीकधी कुटुंबाची थोडी माहिती, कारण ती व्यक्ती समोर बसलेली असते, सही करते, आणि विचार बदलला तर परत यायला तिला 60 दिवस असतात. बायच्या कागदावर परित्यक्त लिहिलेलं. म्हणजे समोर कुणीच बसलेलं नव्हतं.

तर त्या दीड पानात एवढंच होतं की घाटावरच्या एका गावच्या एसटी स्टँडवर पहाटे साडेपाचच्या सुमारास सफाई करणाऱ्या बाईला रडण्याचा आवाज आला, तिने कंट्रोलरला बोलावलं, त्याने पोलिसांना फोन केला. टॉवेलात गुंडाळलेली मुलगी. सरकारी दवाखान्यात नेलं, वजन 2 किलो 100 ग्रॅम, डॉक्टरांनी वय अंदाजे दहा दिवस धरलं. मग बाल कल्याण समितीपुढे नेलं, पेपरात फोटोसकट जाहिरात दिली, दोन वर्षांच्या आतलं मूल म्हणून दोन महिने वाट बघितली, कुणी आलं नाही, समितीने दत्तकासाठी मोकळी म्हणून जाहीर केलं. आणि स्टँडवर नेमकी कुठे होती त्याबद्दल एक ओळ. आईबद्दल एक शब्द नाही. नाव, वय, जात, गाव, कारण, काही नाही.

आता साडेतीन वर्षांच्या मुलीला हे कसं सांगणार? सुरुवातीला आम्ही सांगायचो की तू दुसऱ्या आईच्या पोटातून आलीस आणि मग आम्ही तुला आणायला गाडी घेऊन आलो. गाडीचं तिला फार आवडायचं, वाटेत पाऊस किती होता, आजीने दारात भाकरतुकडा कसा ओवाळला. आणि एक दिवस झोपताना तिने विचारलं, मग त्या आईने मला का नाही ठेवलं?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कागदातही नव्हतं. अंधारात ती उत्तराची वाट बघत होती आणि मी म्हणाले, ती खूप आजारी होती ना, तिला तुझं करता आलं नसतं. तिने हं केलं आणि झोपली. मला सुटल्यासारखं वाटलं. सकाळी यांना सांगितलं तर हे म्हणाले बरं झालं, कुणावर दोष नको. दुसऱ्या दिवशी तिने तीच गोष्ट मागितली. मग ती गोष्टच झाली. आजारी आई, संस्थेतल्या चांगल्या मावश्या, पावसातली गाडी, भाकरतुकडा. पाहुण्यांसमोर धडाधड म्हणून दाखवायची आणि आम्हाला वाटायचं बघा, हिला सगळं माहीत आहे, किती सहज घेतलंय.

खुणा होत्या, आम्ही वाचल्या चुकीच्या. सहा वर्षांची असताना एकदा तिने विचारलं, "मी जन्मले होते का?" शेजारच्या वहिनींचं बाळ बघून आलेली. मी हसून म्हणाले अगं सगळेच जन्मतात, आणि विषय संपवला. मी खोकले की रात्री उठून पाणी आणून द्यायची. डोकं दुखतं म्हटलं की कपाळ चेपत बसायची, खेळायला जायची नाही. मी आरोग्य केंद्रात बीपी बघायला निघाले तरी शाळा बुडवून येते म्हणून रडायची. सगळे म्हणायचे किती माया आहे पोरीला, मीही म्हणायचे. ती माया होतीच, पण त्याच्या खाली पहारा होता, आई आजारी पडू नये म्हणून ठेवलेला, आणि तो मला दप्तर उघडेपर्यंत दिसला नाही.

त्या रात्री मी संस्थेतल्या समाजसेविकेला फोन केला, सात वर्षांनी. त्यांनी एका समुपदेशक ताईंशी गाठ घालून दिली, व्हिडिओ कॉलवर तीनदा बोललो, आधी आम्ही दोघंच, बायशिवाय.

यांचं म्हणणं होतं की गोष्ट थोडी दुरुस्त करू. ती आई आता बरी झाली असेल म्हणून सांगू, म्हणजे आजाराची भीती जाईल. मला वाटत होतं की गरीब होती म्हणावं, ते तरी शक्य आहे. ताईंनी आमचं पूर्ण ऐकून घेतलं आणि मग एकेक घेऊन विचारलं, पुढे काय होईल सांगा. बरी झाली म्हणालात तर उद्या ती विचारेल मग न्यायला का नाही आली. गरीब म्हणालात तर ज्या वर्षी तुमचा आंबा जाईल आणि तुम्ही रात्री कर्जाचं बोलाल त्या रात्री ती दप्तर भरेल. वारली म्हणालात तर न मेलेल्या माणसाचं सुतक तिला धरायला लावाल. आणि सगळ्यात गोड जे लोक सांगतात, तुझ्यावर फार प्रेम होतं म्हणून तिने तुला दिलं, तर तुमचंही तिच्यावर प्रेम आहेच की, मग तिने काय समजायचं?

हे शेवटचं ऐकून हे उठून बाहेर जाऊन आले.

दुसरी गोष्ट त्यांनी समजावली ती वयाची. तीनचार वर्षांचं मूल दत्तकाची गोष्ट पाठ म्हणतं, ती त्याला कळलेली नसते, त्याच्यासाठी ती चिऊकाऊचीच बहीण. सहासात नंतर कधीतरी त्याला हिशोब लागतो की मला इथे घेतलं म्हणजे आधी कुणीतरी सोडलं. तिथपासून ते मूल आतल्या आत काम करत असतं आणि बाहेरून शांत झाल्यासारखं दिसतं. आपण लहानपणी एकदा सांगितलं म्हणून मोकळे झालो असं धरतो, आणि मूल खरं विचार करायला लागतं तेव्हाच आपण बोलायचं थांबलेलो असतो. आमचं अगदी हेच झालं होतं. आणि त्या "मी जन्मले होते का" बद्दल म्हणाल्या की तुमच्या गोष्टीत ती गाडीतून सुरू होते, इतर मुलं दवाखान्यातून सुरू होतात. तिला तिचा जन्म द्या आधी.

मग मी विचारलं, सगळं सांगायचं का? ती ओळही? कारण मला आठ वर्षांच्या पोरीच्या डोळ्यासमोर ते चित्र घालायचं नव्हतं, अजूनही वाटतं की तेव्हा ते बरोबर होतं. ताई म्हणाल्या थांबायला हरकत नाही, खोटं भरायला हरकत आहे. एखादी ओळ नंतर सांगता येते, पण तिने नेमकं तेच विचारलं तर वेगळं काही सांगायचं नाही. आणि वयात यायच्या आत, बारातेरापर्यंत, कागदात जे आहे ते सगळं तिच्याकडे गेलेलं असावं, कारण त्यानंतर मूल एरवीही आईबापांवर शंका घेत असतं, त्यात हे उशिरा कळलं तर बाकी सगळंच खोटं ठरतं.

एक साधी पद्धत त्यांनी दिली. कागदावर तीन रकाने करा. आम्हाला माहीत आहे. आम्हाला वाटतं. कुणालाच माहीत नाही. आम्ही दोघांनी रात्री बसून ते केलं आणि पहिल्यांदा डोळ्याला दिसलं की तिच्या आईबद्दल पहिल्या रकान्यात फक्त एक ओळ येते, तिने नऊ महिने पोटात वाढवलं आणि जन्म दिला. आजार, गरिबी, प्रेम, लाज, जबरदस्ती, सगळं तिसऱ्यात. दुसऱ्यात आम्ही एवढंच लिहिलं की टॉवेलात नीट गुंडाळलं होतं म्हणजे थंडी लागू नये असं कुणाला तरी वाटलं असावं, आणि माणसं लवकर येतात अशा जागी ठेवलं होतं. तेही वाटतं म्हणून.

चतुर्थी त्या वर्षी 7 सप्टेंबरला होती. गणपतीच्या आधी सांगावं की नंतर यावर आमचं भांडण झालं. हे म्हणत होते घर भरेल, पोरीला रडायला कोपरा मिळणार नाही. मला भीती होती की घर भरेल तेव्हाच कुणीतरी काहीतरी बोलेल. चतुर्थीच्या सहा दिवस आधी, रविवारी दुपारी, सासूबाई झोपल्यावर सांगितलं. आता वाटतं यांचं ऐकायला हवं होतं.

मी आधी चुकीचं कबूल केलं कारण ताईंनी ते पहिलं करायला सांगितलेलं, नवीन गोष्ट जुन्याच्या जागी गुपचूप सरकवायची नाही. मी म्हणाले, "बाय, मी तुला सांगायचे की तुझी पोटातली आई आजारी होती. ते मला माहीत नव्हतं. तू विचारलंस आणि मला उत्तर येत नव्हतं म्हणून मी बनवून सांगितलं. ते चुकलं माझं. आणि आई आजारी पडली म्हणून मूल कुठेही पाठवत नाहीत. मी कितीही आजारी पडले तरी तू इथेच."

ती गप्प. मग म्हणाली, "मग कशी होती ती?"

"माहीत नाही."

"नाव?"

"माहीत नाही."

"तू विसरलीस?"

"नाही. कुणीच लिहून ठेवलेलं नाही. ती कुणाला भेटलीच नाही."

हे परत परत माहीत नाही म्हणणं मला त्या आजारपणापेक्षा जड गेलं. प्रत्येक वेळी जिभेवर काहीतरी मऊ यायचं. मग मी तिला जे माहीत आहे ते सांगितलं, जन्मापासून. तुझा जन्म झाला, तू साधारण दहा दिवसांची असताना एसटी स्टँडवर एकटी होतीस, पहाट होती, तू रडलीस आणि एका बाईने ऐकलं.

मला वाटलं होतं ती आईबद्दलच विचारत राहील. तिने विचारलं, त्या बाईने मला उचललं का? मी म्हणाले उचललं असणारच, आणि लगेच थांबले, म्हणाले कागदात फक्त आवाज ऐकला एवढंच आहे, उचललं असं मला वाटतं. ती म्हणाली दूध कुणी दिलं? कागदात नव्हतं. दवाखान्यात दिलं असेल, मला वाटतं. ती बाई कोण? नाव नाही, फक्त महिला सफाई कामगार. आणि मग एकदम रडायला लागली आणि म्हणाली, "तू खोटं बोललीस. रोज बोललीस." आणि आजीच्या खोलीत जाऊन आजीच्या कुशीत शिरली.

सासूबाई मला म्हणाल्या, "बगलंस मा, सांगान काय झाला?" मला बोलता आलं नाही. त्यांचं म्हणणं अजूनही तेच आहे, पण त्या दिवसापासून रात्री बाय उठली तर सगळ्यात आधी त्याच जाग्या होतात.

गणपतीचे सगळे दिवस ती माझ्याशी लागेल तेवढंच बोलली. आरतीला माझ्या शेजारी उभी राहायची ती यांच्या शेजारी उभी राहिली. मोदक वळायला बसली नाही. मुंबईच्या नणंदेने विचारलं काय झालं, मी म्हणाले शाळेचं काहीतरी, आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की हे परत खोटं, आणि बाय दारात उभी होती. मी नणंदेला म्हणाले, नाही, शाळेचं नाही, आमचं दोघींचं आहे, बोलू नंतर. बाय आत गेली. त्या रात्री माझ्या अंथरुणात आली, बोलली काही नाही.

मग हळूहळू प्रश्न यायला लागले, कुठेही, भात खाताना, वेणी घालताना. एक वही केली. पहिल्या पानावर तिने स्वतः लिहिलं, माझा जन्म झाला. तारखेपाशी अडलो. दाखल्यावरची तारीख डॉक्टरांनी वयाच्या अंदाजाने धरलेली, दोनचार दिवस इकडेतिकडे असणार. हे सांगायचं की नाही, वाढदिवस तेवढा तरी तिच्याकडे राहू दे असं वाटलं, पण तिसरा रकाना डोळ्यासमोर आला आणि सांगितलं. तिने विचार केला आणि तारखेच्या आधी "अंदाजे" लिहिलं. वाढदिवस त्याच तारखेला करते, पण त्या महिन्यात चारपाच दिवस घावणे मागते, म्हणते कुठला तरी खरा असेल.

यांनी एकदा तिला कलमांत नेऊन समजवायचा प्रयत्न केला. आमच्याकडे हापूसची साठेक कलमं आहेत, काही यांनी स्वतः बांधलेली. रायवळच्या रोपावर हापूसची काडी बसवली की दोन्ही जीव धरतात आणि झाड एकच होतं, तसं आपलं, असं हे म्हणाले. तिने ऐकलं, कलमाच्या जोडावर बोट फिरवलं आणि विचारलं, "काडी ज्या झाडाची कापली त्या झाडाला कळतं का?" हे घरी येऊन मला सांगताना रडले. त्यांनी तिला सांगितलं होतं, मला माहीत नाही गो.

संस्थेने कोर्टाच्या कागदांबरोबर पेपरातल्या जाहिरातीची झेरॉक्स दिली होती. ती दाखवावी का यावर मी महिनाभर घालवला. काळा चौकोन, त्यात न ओळखता येणारा बाळाचा चेहरा, खाली पोलीस तपासासारखी भाषा. मला ते हरवलेल्या वस्तूसारखं वाटायचं. दिवाळीनंतर दाखवली. ती बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, म्हणजे त्यांनी शोधलं. हो, मी म्हणाले, दोन महिने. तिने ती वहीत चिकटवली. मी जे तिच्यापासून लपवत होते ते तिच्यासाठी सगळ्यात चांगलं पान निघालं, आणि हे मला आधी कळायला काहीच मार्ग नव्हता.

मोठी झाल्यावर शोधता येईल का हेही विचारलं तिने. नियमात मूळ शोधायची सोय आहे, अठरा वर्षांनंतर ती स्वतः अर्ज करू शकते, त्याआधी आमच्याबरोबर, तिसरं कुणी तिच्या वतीने ती माहिती मागू शकत नाही. जिथे आईने स्वतः सोपवलेलं असतं आणि नाव गुप्त ठेवा म्हणून सांगितलेलं असतं तिथे आईची संमती लागते. पण आमच्या बाबतीत कागदच दीड पानाचा. मी तिला सांगितलं की अर्ज करता येईल, पण त्यांच्याकडे बहुतेक तेवढंच असेल जे आपल्याकडे आहे. बहुतेक म्हणाले, नक्की म्हणाले नाही.

स्टँड बघायचं ती जानेवारीपासून म्हणत होती. आंब्याच्या दिवसात यांना हलता येत नाही. 2025 ला पाऊस मेच्या शेवटीच येऊन धडकला, झाडावर उरलेलं फळ गेलं, आणि हे मोकळे झाले. त्या नुकसानीचं आम्ही तिच्यासमोर मोकळेपणाने बोललो, मुद्दाम, आणि मी दोन रात्री दप्तराकडे बघत होते. पुस्तकंच होती.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी गेलो. घाट चढताना तिला उलटी झाली, धुकं होतं. आदल्या रात्री आम्ही ठरवलं होतं की तिने विचारलं तर ती ओळ सांगायची, कारण तिथे जाऊन लपवणं म्हणजे परत तेच. स्टँड साधंच, आठ फलाट, चहाची टपरी, बसायला सिमेंटचे बाक, कुत्री. ती सगळीकडे फिरली. कंट्रोलरच्या खिडकीपाशी उभी राहिली, आतला माणूस तरुण होता, तेव्हाचा नसणारच. झाडू मारणाऱ्या दोन बायका होत्या, तिने दोघींकडे बघितलं पण विचारू नको म्हणाली.

मग मला म्हणाली, "नेमकं कुठे?"

मी ती ओळ सांगितली, जशी लिहिलीय तशी. हात धरून तिला तिथे घेऊन गेले. ती उभी राहिली. मी काहीतरी बोलणार होते, यांनी माझा दंड दाबला. तिने तिथून फलाटाकडे बघितलं, चहाच्या टपरीकडे बघितलं, आणि परत येऊन टपरीपासून त्या जागेपर्यंत पावलं मोजली.

"एकोणीस," ती म्हणाली. "ऐकू येतं एवढ्यावर."

आम्ही चहा घेतला, तिने क्रीमरोल खाल्ला. परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली आणि कणकवली यायच्या आधी वहीत काहीतरी लिहीत होती. मी विचारलं नाही.